चार पडदे, एक लॅपटॉप आणि अकरा चाळीसला गेलेली लाईट

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावर आहे. प्रश्न आलाय केडगावातून, आपल्या अहिल्यानगरच्या पुणे रस्त्यावरच्या केडगावातून. तो म्हणतो, "दादा, मी रोज इंट्राडे करतो. एका पडद्यावर निफ्टी, दुसऱ्यावर बँक निफ्टी, तिसऱ्यावर ऑप्शन चेन, आणि चौथ्यावर ऑर्डर, असं मला पाहिजे. आत्ताचा लॅपटॉप आठ जीबीचा आहे, दहा चार्ट उघडले की अडकतो. दुकानदार म्हणतो गेमिंग लॅपटॉप घे. घेऊ का?"

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. गेमिंग लॅपटॉप घेऊ नकोस. ज्याच्या अंगावर पुरेशी पोर्ट आहेत, लॅनची वायर थेट लावायची सोय आहे, आणि लाईट गेल्यावर जो तीन तास टिकतो, असा ऑफिस वापराचा लॅपटॉप घे. आता हे का, ते नीट बघू.

चार्टला ग्राफिक कार्ड लागतं का?

चार्ट म्हणजे काय, तर रेषा आणि मेणबत्त्या. गेममध्ये दर सेकंदाला पूर्ण नवं दृश्य उभं करावं लागतं, इथे तसं काही नाही. भाव बदलला की शेवटची कँडल थोडी हलते आणि इंडिकेटरचं गणित पुन्हा होतं. प्रोसेसरच्या आतच जे ग्राफिक्स असतं, ते एवढ्यासाठी भरपूर आहे.

मग आपल्या मित्राचा लॅपटॉप अडकतो कशाने? बहुतेक वेळा मेमरीने. ब्राउझरमधला प्रत्येक चार्टचा टॅब स्वतःची मेमरी धरून बसतो. दहा-बारा टॅब, वर ब्रोकरचं पान, एखादं यूट्यूब लाइव्ह, आणि खाली विंडोज स्वतः. आठ जीबी भरली की विंडोज उरलेला माल एसएसडीवर ठेवायला लागतं, आणि तिथून परत आणायला वेळ जातो. आपल्याला वाटतं नेट स्लो आहे, पण घोळ घरातच असतो.

हे माझ्यावर विश्वास ठेवून मानू नका, मोजा. क्रोममध्ये `Shift + Esc` दाबा. कोणता टॅब किती मेमरी खातोय ते समोर येतं. मग `Ctrl + Shift + Esc` दाबून Task Manager मध्ये Memory बघा. बाजार चालू असताना, सकाळी साडेनऊच्या गर्दीत बघा, रविवारी नाही. आकडा सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर मेमरीच कमी पडतेय.

अशा वापराला १६ जीबी पुरते. ॲमीब्रोकरसारख्या सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षांच्या डेटाची बॅकटेस्टिंग करायची असेल तर ३२ घ्या. पण दुकानात एक प्रश्न नक्की विचारा: रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे की बदलता येते? सोल्डर असेल तर पुढे वाढवता येणार नाही, म्हणजे आजच पुरेशी घ्यायची.

प्रोसेसरबद्दल एवढंच लक्षात ठेवा. एका चार्टचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं. म्हणून खूप सारे कोअर असण्यापेक्षा एकेक कोअर वेगवान असणं कामाचं. अलीकडच्या पिढीचा मधल्या दर्जाचा प्रोसेसर, म्हणजे आय-५ किंवा रायझन-५, यात कमी पडत नाही.

खरा घोळ पोर्टचा

आता मुद्द्यावर येऊ. चार पडदे म्हणजे लॅपटॉपचा स्वतःचा एक आणि बाहेरचे तीन. इंटेल आणि एएमडीच्या गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरना एकूण चार पडदे चालवता येतात. म्हणजे ताकद आहे. पण ती ताकद बाहेर येणार कुठून? पोर्टातून.

इथेच लोक फसतात. टाइप-सी पोर्ट दिसायला सगळी सारखी असतात, पण आतून तीन जातीची असतात. पहिलं फक्त डेटाचं, त्यात पेनड्राइव्ह चालेल पण मॉनिटर चालणार नाही. दुसरं डिस्प्लेपोर्टची सोय असलेलं, त्यातून एका वायरने मॉनिटर चालतो. तिसरं थंडरबोल्ट, त्यावर विजेच्या बाणाची खूण असते, आणि त्यातून मॉनिटर, डेटा, चार्जिंग सगळं चालतं. खूण नसेल तर त्या मॉडेलच्या कंपनीच्या पानावर पोर्टची माहिती वाचा. दुकानातल्या पाटीवर नुसतं "टाइप-सी" लिहिलं असेल तर त्यावरून काहीच कळत नाही.

आता आपल्या केडगावच्या मित्रासाठी हिशोब मांडू. समजा त्याला आवडलेल्या लॅपटॉपला एक एचडीएमआय आणि दोन टाइप-सी आहेत, आणि दोन्ही टाइप-सी मॉनिटर चालवणारी आहेत. कागदावर हिशोब जुळला: एक एचडीएमआयवर, दोन टाइप-सीवर, झाले तीन मॉनिटर. घरी आणला, जोडला, आणि मग लक्षात येतं की चार्जर पण टाइप-सीच आहे! एक पोर्ट चार्जरने खाल्लं. उरले दोनच मॉनिटर. सव्वासहा तासांचा बाजार बॅटरीवर काढता येत नाही, म्हणजे चार्जर काढूनही भागत नाही.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला, चार्जिंगची वेगळी पिन असलेला लॅपटॉप घ्यायचा. सगळ्यात साधा आणि माझ्या मते सगळ्यात चांगला. दुसरा, एखादा मॉनिटर असा घ्यायचा जो टाइप-सीच्या एकाच वायरीतून चित्र घेतो आणि उलट लॅपटॉपला चार्जिंगही देतो. तिसरा, डॉक लावायचा. डॉक म्हणजे एक डबी, जी लॅपटॉपच्या एका टाइप-सीमधून दोन मॉनिटर, लॅन आणि चार्जिंग बाहेर काढते.

डॉक घेताना दोन गोष्टी बघा. काही डॉक चित्राचा मूळ सिग्नलच वाटून देतात. फुल एचडीचे दोन मॉनिटर त्यावर सहसा आरामात चालतात. दुसरी जात डिस्प्लेलिंकची. ती चित्र यूएसबीतून पाठवते आणि त्याचं काम तुमच्या प्रोसेसरवर टाकते. ड्रायव्हरही टाकावा लागतो. चार्टसाठी चालते, पण प्रोसेसरवर कायमचा भार राहतो.

ज्यांच्या मनात मॅकबुक आहे त्यांच्यासाठी एक वाक्य: एम-१ आणि एम-२ चे साधे मॅकबुक एअर बाहेरचा एकच मॉनिटर चालवतात, आणि सिग्नल वाटणारा डॉक लावला तर मॅकवर दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसतं. शिवाय ॲमीब्रोकर विंडोजचं आहे. बहुपडदा ट्रेडिंगसाठी म्हणून मॅक घेणार असाल तर नेमक्या मॉडेलची मर्यादा आधी वाचा.

अकरा चाळीसला लाईट गेली

आता समजा सगळं जुळलं. चार पडदे झगमगतायत. पोझिशन उघडी आहे. आणि अकरा चाळीसला लाईट गेली. काय काय बंद होतं, क्रमाने बघा.

तीनही मॉनिटर गेले. त्यांच्यावरच्या सगळ्या खिडक्या विंडोजने उचलून लॅपटॉपच्या एका पडद्यावर एकावर एक टाकल्या. ऑर्डरची खिडकी कुठेतरी तळाशी गेली. राउटर बंद झाला, म्हणजे भाव थांबला. पण चार्ट दिसतोच आहे! शेवटची कँडल तशीच गोठलेली, आणि पहिल्या काही सेकंदात आपल्याला वाटतं बाजार शांत आहे. हे फार वाईट असतं. लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालू आहे, आणि डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप घ्यायचं हेच सगळ्यात मोठं कारण. इन्व्हर्टरवर जाताना क्षणभर खंड पडतो, त्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होऊ शकतो. लॅपटॉपला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून पहिला नियम: ऑर्डर आणि पोझिशनची खिडकी कायम लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर. बाहेरचे मॉनिटर फक्त बघायला. ते गेले तरी हात चालू राहिला पाहिजे.

दुसरं, बॅटरीचा हिशोब. बॅटरीची क्षमता वॉट-अवर मध्ये लिहिलेली असते. समजा ५४ वॉट-अवर आहे, आणि चार्ट चालू असताना लॅपटॉप साधारण १८ वॉट ओढतो. ५४ भागिले १८, म्हणजे तीन तास. गेमिंग लॅपटॉप ग्राफिक कार्ड जागं असेल तर याच्या दुप्पट-तिप्पट सहज ओढतो, मग तासाभरात खेळ संपला. गेमिंग नको म्हणालो ते यासाठी. नवीन बॅटरीचा आकडा दोन वर्षांनी तेवढाच राहत नाही, हेही धरून चाला. आणि `Settings` मध्ये जाऊन बॅटरीवर असताना पडदा बंद होण्याची आणि झोपेत जाण्याची वेळ वाढवून ठेवा, नाहीतर लाईट गेल्यावर पाच मिनिटांत लॅपटॉप स्वतःच झोपी जाईल.

तिसरं, राउटर. फायबरचा डबा आणि राउटर मिळून दहा-बारा वॉट लागतात. यासाठी छोटा बारा व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो. घेताना दोन गोष्टी जुळवा: तुमच्या डब्यावर लिहिलेले व्होल्ट, आणि पिनचा आकार. फायबरचा डबा वेगळा आणि राउटर वेगळा असेल तर दोघांनाही वीज हवी. एकालाच यूपीएस लावून "तरी नेट जातंच" म्हणणारे खूप जण भेटतात. आणि एकदा राउटर बंद पडला की पुन्हा लाइनवर यायला दोन-तीन मिनिटं जातात. इंट्राडेत तेवढ्या वेळात बरंच काही होऊन जातं.

आता इथे डॉकचा आणि लाईटचा एक छुपा संबंध आहे. लॅनची वायर डॉकमध्ये लावली असेल आणि डॉक स्वतःच्या ॲडॉप्टरवर चालत असेल, तर लाईट गेली की डॉक मेला, डॉकबरोबर लॅनही मेलं. मिनी यूपीएसवर राउटर जिवंत असून उपयोग नाही. म्हणून लॅनची वायर थेट लॅपटॉपला. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट असेल तर उत्तम. अनेक ऑफिस मालिकांच्या लॅपटॉपना ते असतं, पातळ लॅपटॉपना बहुधा नसतं. नसेल तर यूएसबीचं लॅन ॲडॉप्टर घ्या, ते लॅपटॉपच्याच विजेवर चालतं.

दोन लाइन म्हणजे खरंच दोन का?

चार्टला फार मोठं स्पीड लागत नाही. भावाचे आकडे हलके असतात. व्हिडिओ कॉलपेक्षाही कमी डेटा जातो. लागतं काय, तर सलगपणा. शंभरातली दोन पाकिटं हरवली तरी स्पीड टेस्टचा आकडा छान दिसतो, पण ऑर्डर मात्र अडखळते. हे तपासायचं असं. विंडोजमध्ये `cmd` उघडा आणि आधी `ipconfig` टाइप करा. Default Gateway समोर जो पत्ता येईल तो तुमच्या राउटरचा. मग या दोन ओळी चालवा, पहिलीत तुमचा पत्ता टाकून:

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 8.8.8.8
```

शेवटी Lost किती ते बघा. पहिल्या ओळीतच पाकिटं हरवत असतील तर दोष घरातला आहे: वायफाय, भिंत, अंतर. लॅनची वायर लावली की तो बहुधा जातो. पहिली स्वच्छ आणि दुसरीत हरवत असतील तर दोष बाहेरच्या लाइनचा, मग कंपनीकडे तक्रार करताना हाच आकडा द्या. बाजाराच्या वेळेत दोन-तीन दिवस तपासा, एकदाच नाही.

आता दुसरी लाइन. २४ फेब्रुवारी २०२१ चा दिवस जुन्या ट्रेडर्सना आठवत असेल. एनएसईमध्ये सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी सगळे सेगमेंट बंद करावे लागले. एनएसईने सांगितलं की त्यांच्याकडे दोन टेलिकॉम कंपन्यांच्या अनेक लाइन होत्या, आणि दोन्ही कंपन्यांच्या लाइनमध्ये अडचण आली. बाजार पुन्हा उघडला पावणेचारला, आणि पाचपर्यंत चालला. देशातल्या सगळ्यात मोठ्या शेअर बाजाराची दुसरी लाइन पहिलीच्या बरोबरच अडचणीत आली. यातून आपण काय घ्यायचं? दुसरी लाइन वेगळ्या कंपनीची आहे एवढं पुरत नाही. ती वेगळ्या वाटेने यायला हवी.

केडगावच्या मित्राने हे स्वतः गल्लीत उभं राहून बघावं. दोन केबलवाल्यांच्या फायबर वायरी एकाच खांबावरून येत असतील, तर एका ट्रकने वायर ओढली किंवा रस्त्याचं खोदकाम निघालं की दोन्ही एकदम जातील. त्यापेक्षा घरात एक फायबर, आणि दुसरी लाइन मोबाइलची. मोबाइलचं सिम फायबर देणाऱ्या कंपनीचं नसलेलं बरं. फोन हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी वायरने जोडा. फोन लॅपटॉपवर चार्ज होत राहतो आणि वायफायचा गोंधळ नाही. फक्त लक्षात ठेवा, लाईट बराच वेळ गेली की परिसरातल्या टॉवरवरही ताण येतो. म्हणून मोबाइलच्या लाइनवर दिवसभर ट्रेडिंग करायचं नाही, पोझिशन सोडवून बाहेर पडायचं.

आणि एक खोच. बाहेर फायबर तुटलं पण राउटर चालू असेल, तर लॅपटॉपला लॅनची वायर अजून जोडलेलीच दिसते. विंडोज बऱ्याचदा तिकडेच धडका मारत बसतं, मोबाइलच्या नेटकडे वळत नाही. अशा वेळी लॅनची वायर हाताने उपसायची. बस्स. शनिवारी एकदा मुद्दाम फायबर काढून हे करून बघा, म्हणजे सोमवारी हात थरथरणार नाही.

स्टॉप लॉस राहतो कुठे?

हे सगळं करूनही एक दिवस सगळंच बंद पडेल. त्या दिवशी प्रश्न एकच: तुमचा स्टॉप लॉस कुठे आहे?

एक्सचेंजला पाठवलेली आणि स्वीकारली गेलेली स्टॉप लॉस ऑर्डर एक्सचेंजच्या सिस्टीममध्ये असते. तुमचा लॅपटॉप जळाला तरी ती तिथे आहे. जीटीटी ऑर्डर ब्रोकरच्या सर्व्हरवर असते. आणि "इथे आला की मी काढेन" हा स्टॉप लॉस फक्त तुमच्या डोक्यात आणि पडद्यावरच्या रेषेत असतो. लाईटबरोबर तोही जातो. स्टॉप लॉस लावला म्हणजे हव्या त्याच भावाला सुटका होईल असं नाही, बाजार उडी मारून पुढे जाऊ शकतो. पण ऑर्डर तिथे असणं आणि नसणं यात फार फरक आहे.

ब्रोकरचं ॲप फोनमध्ये सकाळीच लॉगिन करून ठेवा, आणि ब्रोकरच्या कॉल अँड ट्रेडचा नंबर सेव्ह करा. ब्रोकरचीच सिस्टीम पूर्ण बसली तर त्यासाठी एक्सचेंजांनी २०२३ मध्ये आयआरआरए नावाची सोय सुरू केली, त्यातून उघड्या पोझिशन बंद करता येतात आणि राहिलेल्या ऑर्डर रद्द करता येतात. ती ब्रोकर बंद पडल्यावरची सोय आहे, तुमच्या घरची लाईट गेल्यावरची नाही.

दुकानात जाताना

तर मित्रा, दुकानात जाताना स्वतःच्या दोन एचडीएमआय वायरी आणि टाइप-सीची एक वायर बरोबर घेऊन जा. लॅपटॉप चार्जरला लाव. मग दुकानातले मॉनिटर जोडायला सांग, आणि `Win + P` दाबून Extend निवड. चार्जर लागलेला असताना तीन बाहेरचे पडदे वेगवेगळं चित्र दाखवतात का? दाखवत असतील तर लॅपटॉप पास. दुकानदार "घरी जाऊन होईल" म्हणाला तर लिहून माग, किंवा पुढच्या दुकानात चल. नंतर Settings मधल्या Advanced display मध्ये जा आणि प्रत्येक मॉनिटर ६० हर्ट्झवर आहे का बघ. ३० दिसलं तर माउस तुटक चालेल, म्हणजे वायर किंवा पोर्ट जुनं आहे.

आणि एक पैशाचं. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते, आणि सरासरी तोटा खर्च धरून सुमारे दोन लाख रुपये होता. चौथा पडदा हा आकडा बदलत नाही. म्हणून आधी लॅपटॉप, एक मॉनिटर, मिनी यूपीएस आणि लॅनची वायर घे. महिनाभर चालव. तिसऱ्या पडद्याकडे तू दिवसातून किती वेळा खरंच बघितलं असतंस, ते वहीत लिहीत जा. पोर्ट मोजून घेतलेला लॅपटॉप असेल तर मॉनिटर नंतर कधीही वाढवता येतो. पोर्ट मात्र नंतर वाढत नाही.

पुढच्या भागात मिनी यूपीएसची पिन आणि व्होल्ट कसे जुळवायचे ते एकेक डबा हातात घेऊन बघू. तोवर आपापल्या गल्लीतला खांब बघून या.